‘म्यूट’ केलं तरी वाजतो तो ग्रुप

लातूरला बारावी सायन्स करणाऱ्या मुलीच्या फोनमध्ये अभ्यासाचे किती ग्रुप आहेत, असं गावाकडे तिच्या आईला विचारलं तर ती म्हणेल, एक कॉलेजचा आणि एक क्लासचा. फेब्रुवारी उजाडेपर्यंत ते सात-आठ झालेले असतात. कॉलेजचा अधिकृत ग्रुप, क्लासच्या बॅचचा ग्रुप, त्याच बॅचमधल्या पोरांनी सरांना वगळून काढलेला दुसरा, फिजिक्सच्या शंकांचा, बायोच्या आकृत्यांचा, प्रॅक्टिकलच्या जर्नलसाठी निघालेला आणि प्रॅक्टिकल संपल्यावरही न मेलेला, हॉस्टेलच्या मेसचा, शिवाय कुणीतरी परस्पर घातलेला एखादा ‘12th IMP’.

यातला एकही ग्रुप निव्वळ टवाळीचा नाही, आणि खरी अडचण तीच आहे. टवाळीचा ग्रुप परीक्षेपुरता सोडून देता येतो. पण क्लासची रोजची डीपीपी, म्हणजे सरावाची प्रश्नपत्रिका, ग्रुपवरच येते. प्रॅक्टिकलची बॅच बदलली तर तेही तिथेच कळतं. रात्री साडेअकराला प्रकाशाच्या व्यतिकरणातलं एखादं गणित अडलं तर ते सोडवून देणारी मैत्रीणही त्याच ग्रुपवर असते. म्हणून ‘फोन काढून घ्या’ हा घरच्यांचा आवडता उपाय इथे लंगडा पडतो. फोन काढून घेतलेली मुलं रूममेटच्या फोनवर तेच ग्रुप बघतात, आणि मग तिचाही अभ्यास बुडतो.

हा लेख व्हॉट्सॲप आणि अँड्रॉइड फोन धरून लिहिला आहे, कारण आपल्याकडच्या बहुतेक मुलांच्या हातात तेच असतं. फोनच्या कंपनीप्रमाणे आणि ॲपच्या आवृत्तीप्रमाणे मेनूतली नावं थोडी पुढेमागे असतील, पण वाट हीच.

आधी एक समज दूर करू. ‘मी मेसेज वाचतच नाही, नुसता फोन बाजूला असतो,’ असं मुलं सांगतात आणि ते खरंही असतं. पण अमेरिकेतल्या फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात नेमकं हेच तपासलं होतं. सलग लक्ष द्यावं लागेल असं काम लोकांना दिलं आणि मध्येच त्यांच्या फोनवर सूचना धाडल्या. फोनला हातही न लावणाऱ्यांच्या चुका वाढल्या, आणि त्या प्रत्यक्ष फोन वापरणाऱ्यांच्या चुकांच्या जवळपास जातील इतक्या. फोन थरथरला की ‘काय असेल?’ हा विचार सुरू होतो, आणि हातातलं इंटिग्रेशन अर्ध्यावर राहतं. त्यामुळे मेसेज वाचला की नाही यापेक्षा तो वाजला की नाही, याला महत्त्व आहे.

आता म्यूटकडे येऊ. ग्रुपच्या नावावर टॅप करून Mute notifications निवडलं की तीन पर्याय येतात: आठ तास, एक आठवडा आणि Always. तुम्ही म्यूट केलंय हे ग्रुपमधल्या कुणालाही कळत नाही, तेव्हा ‘सरांना वाईट वाटेल’ ही भीती नको. मुलं बहुधा आठ तास निवडतात आणि तिथेच फसतात. संध्याकाळी सहाला दाबलेलं म्यूट रात्री दोनला सुटतं, आणि पहाटे पाचला उठून अभ्यास करणाऱ्या कुणा उत्साही वर्गमित्राच्या ‘गुड मॉर्निंग, चॅप्टर ७ झाला’ने झोप मोडते. परीक्षेच्या काळात Always निवडावं. हवं तेव्हा ते काढता येतं.

पण Always केल्यावरही ग्रुप वाजतो, आणि हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. म्यूट केलेल्या ग्रुपमध्ये कुणी @ लावून तुमचं नाव घेतलं, किंवा तुमच्या मेसेजला धरून उत्तर दिलं, तर त्याची सूचना येतेच. व्हॉट्सॲपने ही सोय मुद्दाम ठेवलेली आहे, आणि एरवी ती चांगलीच आहे. परीक्षेत मात्र तिचा परिणाम विचित्र होतो. समजा आपल्या या मुलीने संध्याकाळी सातला फिजिक्सच्या ग्रुपवर एक शंका टाकली आणि केमिस्ट्रीचं पुस्तक उघडलं. सात-दहाला एकाने उत्तर दिलं, तिच्या मेसेजला धरून. फोन वाजला. सात-पंधराला दुसऱ्याने ‘चूक आहे, साइन उलटं येईल’ म्हणून पुन्हा तिच्याच मेसेजला धरून लिहिलं. पुन्हा वाजला. मग एकाने वहीचा फोटो टाकला, एकाने तिला @ लावून ‘समजलं का?’ विचारलं. ग्रुप म्यूट आहे आणि तरी केमिस्ट्रीचा तास चार ठिकाणी फुटला. जो शंका विचारतो त्याच्यासाठीच म्यूट गळकं होतं. नुसतं वाचणाऱ्याला ते पुरतं.

ही गळती बुजवायला आणखी दोन-तीन गोष्टी कराव्या लागतात, आणि त्या ग्रुपच्या आत सापडत नाहीत. व्हॉट्सॲपच्या मुख्य Settings मध्ये Notifications उघडा. तिथे वर साध्या मेसेजचा भाग असतो आणि खाली ग्रुपचा वेगळा भाग. या ग्रुपच्या भागात Notification tone ला None करा, Vibrate ला Off करा आणि Use high priority notifications चं बटण बंद करा. हे शेवटचं बटण चालू असलं की मेसेज स्क्रीनच्या वरच्या कडेला डोकावतो. फोनवर पीडीएफ वाचत असताना अर्ध्या परिच्छेदावर येऊन बसणारी पट्टी ती हीच. तिथलंच Reaction notifications बंद केलं की आपल्या मेसेजवर कुणी अंगठा दाखवला, याचीही वर्दी येणार नाही.

आता सगळे ग्रुप मुके झाले. कुणी नाव घेतलं तरी सूचना वरच्या पट्टीत गुपचूप येऊन बसेल, पण आवाज नाही, थरथर नाही आणि डोकावणंही नाही. घरून येणारे वैयक्तिक मेसेज आणि कॉल मात्र पूर्वीसारखेच वाजतील, कारण त्यांना आपण हात लावलेला नाही.

मग कॉलेजच्या नोटिशीचं काय? त्या एका ग्रुपपुरता अपवाद करायचा. तो ग्रुप उघडून नावावर टॅप करा, सूचनांच्या भागात त्या ग्रुपसाठी स्वतंत्र आवाज निवडायची सोय आहे, ती चालू करा आणि इतर कशालाही नसलेला एखादा आवाज द्या. तो ऐकू आला म्हणजे कॉलेजचंच काही, हे फोन न बघता कळतं. अर्थात त्या ग्रुपवर फक्त शिक्षकच लिहीत असतील तरच याचा उपयोग. ‘सर, हॉल तिकीट कधी मिळणार?’ असं साठ पोरं विचारू शकत असतील तर तो ग्रुप नोटिशीचा राहिलेलाच नाही. अशा वेळी वर्गाच्या प्रतिनिधीने सरांकडे जाऊन एक विनंती करावी. तिच्याबद्दल थोडं पुढे सांगतो.

हे सगळं झाल्यावर एकदा पारखून घ्या. शेजारी बसलेल्या मैत्रिणीला ग्रुपवर @ लावून तुमचं नाव लिहायला सांगा, तुमच्या जुन्या मेसेजला उत्तर द्यायला सांगा, आणि मग साधा फोन लावायला सांगा. पहिल्या दोन वेळा फोन गप्प आणि तिसऱ्या वेळी वाजला, तर जमलं. तिन्ही वेळा गप्प राहिला तर तुम्ही चुकून संपूर्ण फोनच सायलेंट केलाय, आणि रात्री बाबा फोन करत राहतील. हॉस्टेलवर लॅपटॉपवरही व्हॉट्सॲप उघडं असेल तर तिथल्या सूचना वेगळ्या बंद कराव्या लागतात. फोन शांत झाला आणि लॅपटॉपच्या कोपऱ्यात खिडक्या उघडत राहिल्या, असं पुष्कळदा होतं.

एवढ्याने कानाचं काम झालं, डोळ्यांचं उरलं. म्यूट केलेला ग्रुप यादीत आहे तिथेच असतो, आणि नवा मेसेज आला की उडी मारून वर येतो. आईला ‘जेवले’ एवढं लिहायला व्हॉट्सॲप उघडावं तर वरच दिसतं: फिजिक्स डाउट्स, ८४. चौऱ्याऐंशी न वाचलेले मेसेज बघून पुढे जाण्याइतका संयम सतराव्या वर्षी कुणाकडे असतो? म्हणून ग्रुप दाबून धरा आणि Archive करा. मग Settings मध्ये Chats खाली Keep chats archived चालू आहे ना ते बघून घ्या. ते चालू असलं की कितीही मेसेज आले तरी तो ग्रुप मुख्य यादीत परतत नाही. वरच्या Archived नावाच्या कप्प्यातच राहतो. त्या कप्प्यालाही नाव घेतल्याचा अपवाद लागू आहे, पण आवाज आपण आधीच काढून घेतला आहे.

इथवर आल्यावर काही मुलं म्हणतात, मग पेपर संपेपर्यंत तो कप्पा उघडायचाच नाही. हा निर्धार टिकत नाही, आणि टिकला तरी फारसा हिताचा नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संशोधकांनी लोकांचे गट पाडले होते. काहींना सूचना नेहमीसारख्या येत राहिल्या, काहींना दिवसातून तीनदा गठ्ठ्याने मिळाल्या, काहींच्या पूर्ण बंद केल्या. तीनदा गठ्ठ्याने मिळालेल्यांनी लक्ष चांगलं लागल्याचं आणि मन शांत राहिल्याचं सांगितलं. ज्यांच्या पूर्ण बंद केल्या त्यांना तसा लाभ झाला नाही. उलट आपल्याला वगळून काहीतरी चाललंय ही धाकधूक वाढली. हॉस्टेलच्या खोलीत एकटीने अभ्यास करणाऱ्या मुलीला ही धाकधूक नवी नाही.

तेव्हा बँकेच्या काउंटरसारख्या तीन वेळा ठरवाव्यात. दुपारी जेवणानंतर दहा मिनिटं, संध्याकाळी चहाला दहा मिनिटं आणि रात्री साडेनऊला अर्धा तास. पहिल्या दोन वेळा फक्त बघायचं: डीपीपी आली का, वेळ बदलली का. शंका रात्रीच्या अर्ध्या तासात. दिवसभर अडलेली गणितं वहीच्या मागच्या पानावर मांडत जायची आणि साडेनऊला एकदम टाकायची. गंमत अशी की त्यातली निम्मी तोवर आपोआप सुटलेली असतात. सातला अडलेलं गणित सात-दोनला ग्रुपवर टाकलं असतं तर ते स्वतः सोडवायची संधीच मिळाली नसती.

पण एकटीने साडेनऊ पाळून काय उपयोग, बाकीचे सातलाच हजर असतील तर? म्हणून दुसरा अर्धा बंदोबस्त ग्रुपच्या ॲडमिनच्या हातात आहे. ग्रुपच्या परवानग्यांमध्ये Send messages म्हणून बटण असतं. ते बंद केलं की फक्त ॲडमिन लिहू शकतात, बाकीच्यांना लिहायची जागाच मिळत नाही. मघाशी म्हटलेली सरांकडची विनंती हीच: कॉलेजच्या ग्रुपवर हे बटण कायमचं बंद ठेवा, आणि प्रश्नोत्तरं दुसऱ्या ग्रुपवर होऊ द्या. शंकांच्या ग्रुपवर मात्र ते रोज उघडायचं आणि मिटायचं. साडेनऊला उघडलं, दहाला मिटलं. हे काम हाताने करावं लागतं, त्यामुळे एकच ॲडमिन असेल तर चौथ्या दिवशी तो विसरतो किंवा वैतागतो. दोघा-तिघांना ॲडमिन करून वार वाटून घेतलेले बरे. बटण बदललं की ग्रुपमध्ये तशी ओळ आपोआप उमटते, त्यामुळे वेळ झाली हे वेगळं सांगायला नको. मुलांची कुरकूर पहिले दोन दिवस होईल. ‘अर्जंट आहे’ म्हणणाऱ्याने एखाद्या मैत्रिणीला सरळ फोन करावा. बारावीच्या अभ्यासात खरोखरचं अर्जंट असं फार थोडं असतं.

उघड्या अर्ध्या तासात काय लिहायचं, यावरही बरंच अवलंबून आहे. ‘कुणी आहे का?’, ‘फिजिक्सचं एक विचारू?’, ‘विचार ना’, ‘थांब, फोटो पाठवते’ असे चार मेसेज जाऊनही प्रश्न यायचाच असतो. शंका एकाच मेसेजात यावी: कोणता धडा, कोणता प्रश्न, आपण कुठवर सोडवलं त्या पानाचा फोटो आणि नेमकं कुठे अडलं. फोटोखाली चार शब्द टाइप करायला मात्र विसरू नये. व्हॉट्सॲपच्या शोधात टाइप केलेले शब्द सापडतात, फोटोतलं हस्ताक्षर सापडत नाही. ‘व्यतिकरण, पट्ट्यांची रुंदी’ एवढं लिहिलेलं असलं की पेपरच्या आदल्या दिवशी तेच उत्तर क्षणात हाती लागतं. नाहीतर तीच शंका चार दिवसांनी तिसरा कुणी विचारतो आणि तेच रामायण पुन्हा सुरू होतं. उत्तर देणाऱ्याने त्या मेसेजला धरूनच द्यावं, म्हणजे दोन शंकांची सरमिसळ होत नाही. ‘रविवारी कुठे भेटायचं’ यासाठी तीस मेसेज न करता पोल टाकावा. महत्त्वाचा मेसेज ग्रुपच्या माथ्यावर पिन करता येतो, एक दिवस, सात दिवस किंवा तीस दिवसांसाठी. बोर्डाचं वेळापत्रक तिथे लावून ठेवलं की ‘परवा कोणता पेपर?’ हा प्रश्न कमी होतो. बंद होत नाही, कमी होतो.

पेपरच्या आदल्या रात्रीची गोष्ट वेगळी. त्या रात्री ग्रुपवर शंका कमी आणि अफवा जास्त असतात: हा धडा नक्की येणार, अमक्या सरांची ‘आयएमपी’ यादी, आणि दरवर्षी एकदा तरी ‘पेपर फुटला’. हे सगळंच हवेतलं नसतं. २०२३ मध्ये बारावीच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकेची पानं बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजा भागातून मोबाइलवर फिरली होती आणि त्याचा पोलीस तपास झाला. म्हणून तर अशा मेसेजपासून लांब राहायचं. खोटा असेल तर रात्र वाया जाते, खरा असेल आणि आपण पुढे पाठवला तर परीक्षेतले गैरप्रकार रोखण्यासाठी राज्यात १९८२ पासून कायदा आहे. आदल्या संध्याकाळी शंकांचा ग्रुप ॲडमिननेच बंद करावा आणि पेपर झाल्यावर उघडावा. अनोळखी लोक परस्पर ग्रुपमध्ये घालू नयेत म्हणून Settings मधल्या Privacy खाली Groups ला My contacts करून ठेवावं. मग ज्यांचा नंबर आपल्याकडे नाही त्यांना आधी आमंत्रण पाठवावं लागतं, आणि ते तीन दिवसांत आपोआप बाद होतं.

माझ्या मते सगळ्यात जास्त नासाडी पेपरनंतर होते. अकराचा पेपर दोन वाजून दहा मिनिटांनी सुटतो. केंद्राबाहेर येऊन फोन चालू केला की ग्रुपवर पहिल्या प्रश्नातल्या बहुपर्यायींची उत्तरं पडायला लागलेली असतात. ‘तिसऱ्याचं बी ना?’ ‘नाही, सी.’ पुढचा पेपर परवावर असतो, उत्तरपत्रिका तर केव्हाच बांधून गेलेली असते, आणि तरीही चार वाजेपर्यंत मुलं आपले दोन मार्क कुठे गेले ते मोजत बसतात. जे सी म्हणत होते तेही चूकच असू शकतात. दोन-दहाला उघडायचं नाही, रात्रीच्या वेळेलाच, आणि तेव्हाही पुढच्या विषयाचं. एवढा नियम ग्रुपने मिळून केला तर बोर्डाच्या सगळ्या पेपरांत मिळून दोन-तीन पूर्ण दुपारी वाचतात.

इतकं करूनही हात फोनकडे जात असेल तर तो दोष सेटिंग्जचा नाही, सवयीचा आहे, आणि सवयीला थोडा अडसर घालता येतो. अँड्रॉइडच्या Digital Wellbeing मध्ये Focus mode असतो. त्यात व्हॉट्सॲप निवडून सकाळी सहा ते एक अशी वेळ बांधली की तेवढा काळ ते उघडतच नाही. मात्र तेव्हा व्हॉट्सॲपवरचे कॉलही येत नाहीत. गावाकडची मंडळी रिचार्ज वाचवायला व्हॉट्सॲपवरूनच बोलत असतील तर त्यांना आधी सांगून ठेवायला हवं: सकाळी साधा फोन लावा. नाहीतर मुलगी फोन उचलत नाही म्हणून वडील थेट वॉर्डनला गाठतात.

मार्चमध्ये बोर्ड संपलं की ही सगळी मांडणी एकदा पुन्हा बघावी लागते. कॉलेजच्या ग्रुपला दिलेला वेगळा आवाज आता क्लासच्या ग्रुपला द्यायचा, कारण सीईटी आणि नीटच्या सूचना तिथेच येणार. बायोच्या आकृत्यांचा ग्रुप नीटला फारसा लागत नाही, तो सोडला तरी चालतो. आणि नीटचा पेपर दुपारी दोन ते पाच असतो. तेव्हा एप्रिलपासून दुपारची ती वेळ सराव परीक्षेसाठी मोकळी करायची, आणि ग्रुप बघायची दुपारची दहा मिनिटं सकाळच्या नाश्त्याला न्यायची.